उन्हात मधाळ, खिडकीशी राखाडी: फोटोत डोळ्यांचा रंग का बदलतो

प्रश्न: माझे डोळे तसे तपकिरी आहेत. पण उन्हातल्या फोटोत ते मधासारखे दिसतात, रात्री दिव्याखाली अगदी काळे, आणि खिडकीजवळ काढलेल्या फोटोत चक्क राखाडी-हिरवट. मोबाईल तोच, डोळेही तेच. मग खरा रंग कोणता, आणि तो फोटोत आणायचा कसा?

उत्तर:

तुमच्या तिन्ही फोटोंमागे वेगवेगळी कारणं आहेत आणि फोटो मोठा करून नीट पाहिला तर ती ओळखताही येतात. असा प्रश्न आला की बहुतेक जण सगळं खापर व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे कॅमेरा प्रकाशाच्या रंगानुसार जो तोल बसवतो त्यावर, फोडतात. मी अनेक वर्षं पोर्ट्रेट काढतो आहे, आणि तपकिरी डोळ्यांपुरतं बोलायचं तर मी पहिला संशय प्रतिबिंबावर घेतो, दुसरा एक्स्पोजरवर, आणि व्हाइट बॅलन्सचा नंबर त्यानंतर येतो. निळ्या किंवा फिकट डोळ्यांचं गणित थोडं वेगळं असतं, ते पुढे ओघात सांगतो.

आधी डोळ्याची रचना बघू. बाहुलीभोवती जे रंगीत कडं दिसतं त्याला मी इथे बुबुळ म्हणतो आहे. त्याचा व्यास साधारण १२ मिलिमीटर असतो. या कड्याच्या पुढच्या थरात मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य किती आहे, यावर रंग ठरतो. भरपूर असेल तर गडद तपकिरी, मध्यम असेल तर मधाळ किंवा घारा, फारच कमी असेल तर निळा. निळ्या डोळ्यात निळं रंगद्रव्य नसतंच. पुढच्या थरातले बारीक तंतू निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि मागचा थर गडद असतो, म्हणून तो डोळा निळा दिसतो. तुमच्या डोळ्यात मेलॅनिन आहे, पण ते बुबुळभर सारखं पसरलेलं नसणार. तपकिरी बुबुळ जवळून पाहिलं की बाहुलीलगत एक रंग, मधल्या पट्ट्यात दुसरा आणि कडेला गडद किनार असं बरेचदा दिसतं. म्हणजे "खरा रंग" हा एकच एक ठिपका नसून जवळजवळच्या चार-पाच छटांचा पट्टा असतो. कोणत्या प्रकाशात त्यातली कोणती छटा वर येईल, हे बदलत राहतं.

बुबुळाच्या समोर कॉर्निया असतो, घुमटासारखा पारदर्शक पडदा, आणि त्यावर अश्रूंचा ओला, गुळगुळीत थर. कॅमेऱ्याला बुबुळ दिसतं ते या घुमटातून, काचेच्या फ्रेममधलं चित्र दिसावं तसं. त्यामुळे फोटोत बुबुळाच्या जागी जो रंग येतो तो दोन प्रकाशांची बेरीज असतो. एक प्रकाश आत जातो, बुबुळावर पडून त्याचा रंग घेऊन बाहेर येतो. दुसरा आत जातच नाही. तो ओल्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो आणि समोर जे काही असेल त्याचा रंग घेऊन येतो. आभाळ असेल तर आभाळाचा, पांढरी भिंत असेल तर भिंतीचा.

हा दुसरा प्रकाश किती असतो? अश्रूंच्या थरावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के परत येतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तपकिरी बुबुळ स्वतः तरी किती प्रकाश परत देतं? तेही फार थोडा. दोन किरकोळ रकमांची बेरीज असल्यामुळे त्यातल्या एकीला नगण्य म्हणून सोडून देता येत नाही.

हे आकड्यांत मांडून पाहू. हिशेबासाठी धरा की तुमचं बुबुळ लाल प्रकाशातला ६ टक्के, हिरव्यातला ३ टक्के आणि निळ्यातला दीड टक्का परत देतं. गुणोत्तर झालं ४:२:१, म्हणजे छान उबदार तपकिरी. आता आभाळ सगळीकडून सारखं ढगाळ आहे आणि तुम्ही मोकळ्या जागेत उभे आहात. बुबुळावर सगळ्या बाजूंनी प्रकाश पडतो आणि कॉर्नियातही त्याच आभाळाचं प्रतिबिंब असतं. तिन्ही रंगांत २-२ मिळवा: ८, ५ आणि साडेतीन. गुणोत्तर राहिलं साधारण २.३:१.४:१. रंग तपकिरीच आहे, पण फिका आणि धुवट.

आता घरात या. एकच मोठी खिडकी, बाकी खोली अंधारी. मोकळ्या आभाळाखाली जेवढा प्रकाश डोळ्यावर पडत होता त्याचा समजा चौथा हिस्सा आता पडतो. बुबुळाकडून येणारा रंगही चौथ्या हिश्शावर आला: लाल दीड, हिरवा पाऊण, निळा त्याच्याही निम्मा. पण कॉर्नियात जिथे खिडकी दिसते, तिथलं प्रतिबिंब मात्र कमी झालेलं नाही. खिडकीतून दिसणारं आभाळ तेवढंच उजळ आहे, त्यामुळे त्याचे २ टक्केही तेवढेच. बेरीज करा: साडेतीन, पावणेतीन आणि २.४ च्या आसपास. हा जवळजवळ राखाडीच रंग आहे. आभाळ निळसर असेल तर निळा आणखी थोडा वाढतो आणि लाल व निळा जवळपास बरोबरीला येतात. शिवाय खिडकीबाहेर झाडी असेल तर हिरवाही त्यात मिसळतो. तुमचा राखाडी-हिरवट फोटो इथून आला.

उन्हात याच्या नेमकं उलट घडतं. निरभ्र दिवशी डोळ्यावर थेट ऊन पडत असेल तर एकूण प्रकाशाचा बहुतेक वाटा सूर्याचा असतो, आभाळाचा वाटा त्यामानाने लहान. म्हणजे बुबुळाला मिळणारा प्रकाश पाच-सहा पट वाढला. पण कॉर्नियात सूर्याचं प्रतिबिंब किती मोठं दिसतं? एक बारीक झगझगीत ठिपका. बाकी बुबुळावर आभाळाचंच प्रतिबिंब आहे, पूर्वीइतकंच. आतून येणारा प्रकाश कैक पट वाढला आणि वरचा तेवढाच राहिला, म्हणून बुबुळाचा स्वतःचा रंग जिंकतो. त्यात ऊन बाजूने आलं तर आणखी एक गोष्ट होते. कॉर्नियाचा घुमट भिंगासारखं काम करतो आणि एका बाजूने शिरलेला प्रकाश बुबुळाच्या पलीकडच्या बाजूवर गोळा करतो. उजवीकडून ऊन येत असेल तर बुबुळाची डावी बाजू आतून पेटल्यासारखी दिसते, तंतू न् तंतू मोजता येतील इतकी. मधाळ रंग सगळ्यात जास्त तिथे दिसतो.

बाहुलीचाही यात हात असतो. ती भर उन्हात २ मिलिमीटरपर्यंत आकसते आणि अंधारात ७-८ मिलिमीटरपर्यंत फुलते. ३ मिलिमीटरची बाहुली असताना बुबुळाचं कडं साडेचार मिलिमीटर रुंद दिसतं; ७ मिलिमीटरची असताना जेमतेम अडीच. त्या उरलेल्या अडीच मिलिमीटरमध्ये कडेची गडद किनारही आलीच. रात्री डोळे काळे वाटण्याचं अर्धं कारण एवढंच आहे: रंग दाखवायला जागाच उरत नाही.

आता व्हाइट बॅलन्स. कॅमेऱ्याचा सेन्सर लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे मोजतो. पिवळ्या बल्बखाली लाल भरपूर येतो आणि निळा फार कमी. ढगाळ सावलीत निळा जास्त येतो. पांढरी वस्तू पांढरी दिसावी म्हणून कॅमेरा लाल आणि निळ्या आकड्यांना कमी-जास्त गुणतो. बस, व्हाइट बॅलन्स म्हणजे हा गुणाकार. प्रकाशाचा रंग केल्विन या एककात सांगतात; कॅमेऱ्यातला तो आकडा बदलला की पिवळ्या-निळ्याचा तोल बदलतो. त्याच्या जोडीला हिरव्या-गुलाबीचा तोल बदलणारी दुसरी पट्टी असते, ती ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीखाली कामाला येते. घरगुती पिवळे दिवे २७०० ते ३००० केल्विनचे असतात, दुपारचं ऊन साधारण ५५०० आणि निरभ्र आभाळाखालची सावली ७०००च्या पुढे. कॅमेऱ्यात केल्विनचा आकडा वाढवला की फोटो पिवळा होत जातो, कारण "प्रकाश निळा आहे" असं तुम्ही त्याला सांगता आणि तो निळा कापायला लागतो. पहिल्यांदा हे सगळ्यांनाच उलटं वाटतं.

ऑटोवर ठेवलेला कॅमेरा समोरच्या दृश्यावरून प्रकाशाचा अंदाज बांधतो. मागे मोठी पिवळी भिंत असेल किंवा अंगात गडद निळा शर्ट असेल तर अंदाज चुकू शकतो. शिवाय बरेच कॅमेरे आणि मोबाईल पिवळ्या दिव्याचा पिवळेपणा मुद्दाम थोडा शिल्लक ठेवतात, कारण तो पूर्ण काढला तर संध्याकाळचा फोटो निर्जीव वाटतो. तपकिरी डोळे अशा उरलेल्या पिवळेपणात अधिक तांबूस दिसतात, निळे डोळे राखाडी पडतात आणि घारे डोळे हिरवटपणा सोडून मधाकडे झुकतात. फिकट डोळ्यांवर व्हाइट बॅलन्सचा परिणाम जास्त ठळक दिसतो. त्यांचे तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ असतात, त्यामुळे थोडासा गुणाकार बदलला तरी रंगाचं नाव बदलतं.

आता महत्त्वाचं. हा गुणाकार बेरीज झाल्यानंतर होतो. बुबुळाचा रंग आणि आभाळाचं प्रतिबिंब एकदा एका पिक्सेलमध्ये मिसळले की कोणताही व्हाइट बॅलन्स त्यांना वेगळं करू शकत नाही. तो दोघांनाही सारख्याच आकड्यांनी गुणतो. म्हणून राखाडी झालेला डोळा केल्विनची पट्टी सरकवून तपकिरी करायला गेलात तर डोळ्याचा पांढरा भाग आणि दातही पिवळे पडतात. हे दिसलं की समजायचं, दुखणं व्हाइट बॅलन्सचं नव्हतं.

एक प्रत्यक्ष उदाहरण देतो. खिडकीजवळ बसवून काढलेलं एक पोर्ट्रेट माझ्यासमोर आहे. बाईंचे डोळे तपकिरी, पण फोटो छोटा करून पाहिला तर कोणीही राखाडी म्हणेल. स्क्रीनवर शंभर टक्के मोठा केला की एकाच डोळ्यात दोन डोळे दिसतात. बुबुळाच्या वरच्या अर्ध्या भागावर दुधी चौकोन आहे, त्यात खिडकीच्या गजांच्या बारीक रेघासुद्धा ओळखू येतात. चौकोनाची खालची कड जिथे संपते तिथून पुढे अचानक दाट तपकिरी रंग सुरू होतो, तंतू स्पष्ट, कडेला कॉफीसारखी गडद किनार. रंग मोजायची पिपेट फिरवली: चौकोनात लाल १३१, हिरवा ११६, निळा ११२. चौकोनाच्या खाली लाल ९६, हिरवा ६२, निळा ४०. दोन्ही मोजमापं एकाच डोळ्याची, एकाच क्षणाची, एकाच व्हाइट बॅलन्सची आहेत. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पिपेट ठेवली तर तिन्ही आकडे २०० च्या आसपास, लाल जरासा वर, म्हणजे जसे असायला हवेत तसे. व्हाइट बॅलन्स ठीक होता. वरचा अर्धा भाग खिडकीने झाकला होता, इतकंच.

हे आकडे एकमेकांतून सरळ वजा करता येत नाहीत, हेही सांगून ठेवतो. स्क्रीनवरचे शून्य ते २५५ आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. ते आधी मूळ प्रमाणात आणावे लागतात. तसे आणले तर वरच्या आणि खालच्या भागांतला फरक तिन्ही रंगांत जवळजवळ सारखा निघतो, निळ्यात किंचित जास्त. म्हणजे नेमकं ढगाळ-निळसर आभाळ. हिशेब जुळतो तेव्हा आणखी पुरावा लागत नाही.

तुमच्या फोटोंची तपासणी याच पद्धतीने करा. आधी डोळ्याचा पांढरा भाग पाहा. तो पूर्णपणे शुभ्र कोणाचाच नसतो, पण तोच पिवळा, निळा किंवा हिरवा दिसत असेल आणि त्वचेतही तीच झाक असेल तर दोष व्हाइट बॅलन्सचा. पांढरा भाग ठीक आहे आणि फक्त बुबुळ धुवट झालं आहे, त्यावर एखादा आकार दिसतो, तर दोष प्रतिबिंबाचा. पांढरा भागही करडा, बुबुळ काळं, तंतू दिसतच नाहीत, तर प्रकाशच कमी पडला. एका डोळ्यात पिवळट आणि दुसऱ्यात निळसर छटा असेल तर खोलीत दोन प्रकारचे दिवे होते: एका बाजूने खिडकी, दुसऱ्या बाजूने बल्ब. अशा फोटोला एकच व्हाइट बॅलन्स पुरत नाही. एक डोळा दुरुस्त केला की दुसरा बिघडतो. असा प्रकाश असताना बल्ब बंद करणं हा एकमेव चांगला उपाय आहे.

दिव्याखालचा काळा डोळा जरा उलगडून सांगण्यासारखा आहे. पिवळ्या बल्बमध्ये निळा प्रकाश मुळात थोडा, आणि तुमचं बुबुळ त्यातला दीड-दोन टक्केच परत देतं. सेन्सरपर्यंत पोचणारा निळा आकडा जवळजवळ शून्यच. मग व्हाइट बॅलन्स त्या निळ्याला मोठ्या आकड्याने गुणतो, आणि त्याबरोबर सेन्सरचा दाणेदार गोंगाटही गुणला जातो. त्यानंतर मोबाईलची प्रणाली तो गोंगाट पुसायला येते, आणि रंगाचे बारीक फरक त्यातच पुसले जातात. उरतो तो एक सपाट काळपट गोळा, कधी त्यात जांभळट किंवा निळसर डाग. असा फोटो नंतर उजळला तर मधाळ रंग वर येत नाही, कारण तो नोंदवलाच गेलेला नसतो. त्यासाठी फोटो काढतानाच प्रकाश वाढवायला हवा.

चेहरा लहान असलेल्या फोटोंवरून डोळ्यांच्या रंगाबद्दल काहीच ठरवू नका. समूहाच्या फोटोत एक बुबुळ पंधरा-वीस पिक्सेल रुंद असतं. बहुतेक जेपेग फोटोंत उजेडाची माहिती पूर्ण ठेवतात, पण रंगाची माहिती आडव्या-उभ्या दोन्ही दिशांना निम्म्या बारकाईने साठवतात. वीस पिक्सेलच्या बुबुळाला रंगाचे दहाच ठिपके मिळाले, आणि त्यातही बाहुलीचा काळा, पापणीचा तपकिरी आणि कडेचा पांढरा मिसळला. मेसेजमधून आलेला फोटो आणखी दाबलेला असतो. आणि तुलना करताना स्क्रीनचा रात्रीचा पिवळा मोड बंद करा. त्यावर कुठलाही डोळा मधाळच दिसणार.

आता रंग पकडायचा कसा ते. प्रतिबिंब पूर्ण टाळता येतं असं समजू नका. कॉर्निया हा बहिर्वक्र आरसा आहे, त्याच्या वक्रतेची त्रिज्या साधारण ७.८ मिलिमीटर. कॅमेऱ्याकडे पाहणाऱ्या डोळ्यात समोरचं जवळजवळ सगळं जग बुबुळाच्या आतच मावतं. अगदी काटकोनात, कानाच्या बाजूला असलेला दिवासुद्धा बुबुळाच्या कडेशी दिसतो. त्यामुळे आपल्या हातात दोन गोष्टी उरतात. उजेडाचं प्रतिबिंब कडेला ढकलायचं, आणि समोरची बाकी जागा काळी ठेवायची.

म्हणून मी असं बसवतो. खिडकी चेहऱ्याच्या बाजूला, कॅमेऱ्यापासून ७० ते ८० अंशांवर. मग तिचं प्रतिबिंब बुबुळाच्या बाहेरच्या कडेशी एका अरुंद पट्टीत जातं, आणि प्रकाश घुमटातून आत शिरून पलीकडची बाजू उजळतो. समोर, म्हणजे कॅमेऱ्यामागे, अंधारी खोली किंवा काळं कापड. फोटो काढणाऱ्याच्या अंगातही काळे कपडे हवेत. हा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात, पण प्रतिबिंबाच्या ऐन मध्यभागी तोच उभा असतो, आणि उजेडातला पांढरा शर्ट बाहुलीभोवतीच्या कड्यावर धुकं पसरवतो. खिडकी थोडी उंचावर असेल तर फारच उत्तम, कारण वरची पापणी प्रतिबिंबाचा काही भाग झाकते. मात्र फार उंच नको. भुवईची सावली बुबुळावर पडली की पुन्हा काळा डोळा.

उन्हात काढायचं असेल तर सूर्याकडे बघायला मुळीच सांगू नये. चेहरा सूर्यापासून बाजूला वळवायचा, नजर सावलीतल्या एखाद्या गडद गोष्टीवर ठेवायची, आणि ऊन गालाच्या बाजूने डोळ्यात तिरपं शिरू द्यायचं. डोळे मिटायला लागले तर थांबायचं. मिचमिचत्या डोळ्याचा फोटो कामाचा नसतो. सकाळचं किंवा संध्याकाळचं ऊन घेतलंत तर डोळ्याला सुसह्य असतं, पण तो प्रकाश स्वतःच पिवळा असतो, तेव्हा फोटोतला मधाळपणा थोडा त्याचाही धरा. दहा-अकराच्या सुमाराचं ऊन रंगाच्या दृष्टीने जास्त प्रामाणिक.

व्हाइट बॅलन्ससाठी ग्रे कार्ड वापरा. ते गालाशी, डोळ्यावर पडतो त्याच प्रकाशात धरून एक फोटो काढायचा, मग कार्ड काढून बाकीचे. नंतर प्रोसेसिंगमध्ये त्या करड्या कार्डावर क्लिक केलं की तिन्ही रंगांचा तोल बसतो, आणि तोच तोल बाकीच्या फोटोंना लावायचा. पांढऱ्या कागदावर भरवसा ठेवू नका. बऱ्याच कागदांत चमक आणणारी द्रव्यं असतात, ती अतिनील प्रकाश घेऊन निळा परत देतात, आणि मग तोल पिवळ्याकडे जातो. शक्य असेल तर रॉमध्ये, म्हणजे सेन्सरचे मूळ आकडे तसेच ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढा. जेपेगमध्ये गुणाकार आधीच होऊन आकडे गोल केलेले असतात, त्यामुळे नंतर मोठा बदल केला तर छटा तुटतात. मोबाईलवर किमान एवढं करा: प्रो मोडमध्ये जाऊन केल्विनचा आकडा एकदा ठरवून ठेवा. मग दोन फोटोंतला फरक प्रकाशाचा की कॅमेऱ्याच्या अंदाजाचा, हा प्रश्न तरी मिटतो.

एक्स्पोजर ठरवताना चेहऱ्यापेक्षा डोळ्याला महत्त्व द्या. गडद तपकिरी डोळ्यांसाठी मी बहुधा अर्धा ते एक स्टॉप जास्त देतो, एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश, कपाळावरची चमक फुटत नाही ना एवढं बघून. त्यापुढे गेलात तर उलट नुकसान. खूप उजळलेला गडद तपकिरी डोळा फोटोत घारा दिसतो, आणि तोही त्याचा रंग नव्हे.

स्टुडिओत फ्लॅश असेल तर प्रतिबिंब जवळजवळ पूर्ण काढायचा एक मार्ग आहे. फ्लॅशसमोर पोलरायझरची, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी, फिल्म लावायची आणि लेन्सवरचा पोलरायझर तिच्याशी काटकोनात फिरवायचा. पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश फिल्टर अडवतो, बुबुळात शिरून विखुरलेल्या प्रकाशाचा काही भाग मात्र येऊ देतो. दोनदा प्रकाश अडवल्यामुळे फ्लॅश बराच वाढवावा लागतो. खोलीतला दुसरा कुठलाही दिवा चालू राहिला तर त्याचं प्रतिबिंब तसंच राहतं. नुसत्या लेन्सवर पोलरायझर लावून हे होत नाही. खिडकीचा प्रकाश मुळात एका दिशेचा नसतो आणि कॉर्नियाच्या मधल्या भागावरून तो फारसा पोलराइज होत नाही. दोन्ही पोलरायझर लावून काढलेल्या फोटोत रंग अचूक येतो, पण डोळ्यातली चमक गेल्यामुळे चेहरा निर्जीव वाटतो. रंग नोंदवायला ही पद्धत वापरा, घरच्यांना द्यायच्या पोर्ट्रेटला वापरू नका.

एका गोष्टीत मात्र फोटोग्राफरचं ऐकू नका. आरशातही, सारख्या प्रकाशात, एका डोळ्याचा रंग दुसऱ्यापेक्षा हळूहळू वेगळा होत चालला असेल, किंवा लहान मुलाच्या फ्लॅशच्या फोटोंत एकाच बाहुलीत वारंवार पांढरट चमक दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे लवकर जा. अशी पांढरी चमक कधी नुसत्या कोनामुळेही येते, पण ती मोतीबिंदूमुळे किंवा डोळ्याच्या आतल्या गाठीमुळेही येऊ शकते, आणि ते फोटोवरून ठरवता येत नाही.

तुमच्या बाबतीत, वर्णनावरून, उन्हातला फोटो तुमच्या रंगाच्या सगळ्यात जवळ असावा, फक्त एक-दोन छटा उजळ. खात्री करायची असेल तर त्याच खिडकीशी परत बसा, या वेळी तिच्याकडे कान करून, समोर काळी चादर टांगून, ग्रे कार्डसकट. मग आधीचा खिडकीतला फोटो शेजारी ठेवून दोन्ही शंभर टक्के मोठे करा आणि बुबुळाचा खालचा, पापणीलगतचा भाग दोन्हीकडे ताडून पाहा. तो भाग जुन्या फोटोतही खिडकीच्या प्रतिबिंबातून बहुधा सुटलेला असेल, आणि माझा अंदाज आहे की तिथे दोन्ही फोटोंत एकच तपकिरी सापडेल.